मेन आयसोलेटरवरचं ॲल्युमिनियम थिंबल दर हंगामात गरम होतंय? पाना उचलण्याआधी हे बघा

विदर्भातल्या जिनिंगांमध्ये ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. दिवाळीनंतर कापूस यायला लागतो, जिनिंग सुरू होते, आणि दोन-तीन आठवड्यांत मेन आयसोलेटरच्या पेटीतून भाजल्यासारखा वास येतो. दार उघडलं की एका फेजचं थिंबल, म्हणजे केबलच्या टोकावर बसवून बोल्टने जोडायचं धातूचं तोंड, काळपट पडलेलं असतं आणि त्यावरची स्लीव्ह तपकिरी झालेली असते. वायरमन सप्लाय बंद करतो, पाना लावतो, अर्धा-पाऊण फेरा बोल्ट आवळतो. काही दिवस वास येत नाही, मग पुन्हा सुरू. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर तिथल्या वायरमनने मला हेच सांगितलं, "भाऊ, दिवाळीनंतर कसतो, होळीपर्यंत पुन्हा ढिल्लं. मागच्या साली तर थिंबलच बदलून टाकलं."

या सगळ्यात खरा प्रश्न असा की बोल्ट ढिला झाला म्हणून थिंबल तापलं, की थिंबल तापलं म्हणून बोल्ट ढिला झाला? दोन्ही प्रकार घडतात, दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि नुसतं आवळत राहिल्याने दुसरा प्रकार दरवेळी आणखी बिघडतो. म्हणून या जिनिंगवर काय सापडलं ते सविस्तर लिहितो.

आधी जागेचं वर्णन. ट्रान्सफॉर्मरजवळच्या मीटरपेटीतून ९५ चौरस मिमीची साडेतीन कोअरची आर्मर्ड ॲल्युमिनियम केबल पॅनेल खोलीत येते आणि मेन आयसोलेटरच्या इनकमिंग बाजूला जोडली जाते. केबल एक्सएलपीई इन्सुलेशनची, म्हणजे तिचा कंडक्टर कायम ९० अंशांपर्यंत चालू शकतो. (पीव्हीसी असती तर ही मर्यादा ७० अंश असती, हे आपल्या केबलवरचा छापा वाचून ठरवा.) सगळ्या जिन आणि प्रेस चालू असताना तिन्ही फेजवर साधारण १२० अँपिअर भार होता. ९५ चौरस मिमीला हा भार जड नाही. तिन्ही फेज सारख्याच तापलेल्या असत्या तर भार, केबलचा आकार किंवा पेटीतली कोंडलेली हवा यांचा विचार करावा लागला असता. इथे तापत होता एकटा वाय फेज. भार सारखा आणि तापमान वेगळं असेल तर दोष त्या एका जोडातच असतो.

गनने माप घेताना होणारी फसवणूक

हल्ली बहुतेकांकडे तापमान मोजायची इन्फ्रारेड गन असते. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा कथिलाच्या मुलाम्यावर ती सरळ रोखली तर आकडा फसवा येतो. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी किरणांतून सोडत नाही, उलट समोरच्या भिंतीची परावर्तित करतो. त्यामुळे ८० अंशांचं थिंबल ४५ दाखवू शकतं, आणि शेजारचं काळवंडलेलं थिंबल मात्र जवळपास खरं तापमान दाखवतं. म्हणजे तुलनाच चुकते. यावर उपाय सोपा आहे. सप्लाय बंद असताना प्रत्येक फेजवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा सारख्या जागी चिकटवायचा आणि नंतर भारावर त्या टेपवरच गन रोखायची. दुसरं म्हणजे गनवर लिहिलेलं अंतराचं गुणोत्तर बघा. १२:१ ची गन ३० सेंमीवरून अडीच सेंमीचा ठिपका मोजते. एक मीटरवरून मोजलं तर ठिपका आठ सेंमीच्या पुढे जातो आणि थिंबलबरोबर मागचा थंड पत्राही सरासरीत येतो. पण दार उघडं असलेल्या ४१५ व्होल्टच्या पेटीपुढे ३० सेंमीवर हात नेणं हे परवानाधारक माणसाचंच काम आहे, तेही हातमोजे घालून.

माप पूर्ण भारावरच घ्या. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सकाळी अर्ध्या भारावर वाय फेज बाकीच्यांपेक्षा दहा अंशांनी गरम दिसला, तर दुपारी पूर्ण भारावर तोच फरक चाळीसच्या आसपास जाईल. सकाळचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका.

आम्ही प्रत्येक फेजवर चार ठिकाणी टेप लावली: आयसोलेटरची टर्मिनल पट्टी, थिंबलचं चपटं तोंड, थिंबलची नळी, आणि नळीपासून वीतभर मागे केबलच्या इन्सुलेशनवर. पेटीतली हवा ३४ अंश होती. दोन तास पूर्ण भार चालल्यावर आर फेजवर याच क्रमाने ४६, ४८, ४९ आणि ४७ आले. बी फेजही तसाच. वाय फेजवर आले ७१, ७८, ८६ आणि ६४.

या चार आकड्यांत निम्मं निदान आहे. उष्णता जिथे तयार होते तिथे तापमान सर्वांत जास्त असतं आणि तिथून दोन्ही बाजूंना ते उतरत जातं. इथे शिखर नळीवर आहे, म्हणजे आग क्रिम्पमध्ये, नळी तारांवर दाबून केलेल्या जोडात आहे. दोष बोल्टच्या जोडात असता तर चपटं तोंड किंवा टर्मिनल पट्टी सर्वांत गरम असती आणि नळी त्याहून थंड. टर्मिनल पट्टीच सर्वांत गरम असेल तर आयसोलेटरच्या आतल्या ब्लेडच्या संपर्कावर संशय घ्या. अशा वेळी थिंबल बदलून काहीच साधत नाही.

सप्लाय बंद करून

एक धोका इथे ठळकपणे सांगायला हवा. मेन आयसोलेटर ऑफ केला तरी त्याची इनकमिंग बाजू जिवंतच असते, आणि हे थिंबल त्याच बाजूला आहे. मीटरपेटीतला ब्रेकर पाडून, त्याला कुलूप लावून, इथे तिन्ही फेजवर टेस्टर आणि मीटर दोन्हींनी तपासल्याशिवाय हात घालू नका. मीटरपेटीला सील असेल तर शाखा कार्यालयाला कळवून त्यांच्या माणसासमोरच काम करा. जनरेटर जोडलेला असेल तर तोही बंद करून कुलूपबंद करा.

मग मायक्रो-ओहम मीटर लावलं. हे यंत्र प्रत्येकाकडे नसतं, पण जिल्ह्याच्या ठिकाणी टेस्टिंग करणाऱ्यांकडून भाड्याने मिळतं. साध्या मल्टिमीटरला इतके लहान रोध दिसतच नाहीत, तो शून्यच दाखवतो. दोन जोड वेगवेगळे मोजायचे: थिंबलच्या तोंडापासून टर्मिनल पट्टीपर्यंतचा बोल्टचा जोड, आणि केबलच्या उघड्या तारांपासून नळीपर्यंतचा क्रिम्पचा जोड. तुलनेसाठी एक माप हाताशी ठेवा. ९५ चौरस मिमी ॲल्युमिनियम कंडक्टरचा रोध किलोमीटरला ०.३२ ओहम, म्हणजे दहा सेंमीला ३२ मायक्रो-ओहम. चांगला जोड तेवढ्याच लांबीच्या सलग केबलपेक्षा वाईट नसावा.

आर फेजचा क्रिम्प २५ मायक्रो-ओहम भरला. वाय फेजचा ४७०. वाय फेजच्या बोल्टच्या जोडात ६० होते, तेही आर फेजपेक्षा चौपट. पण दोन्हींची उष्णता काढून बघा. १२० अँपिअरवर क्रिम्पमध्ये जवळपास पावणेसात वॅट तयार होत होते, तर बोल्टच्या जोडात एक वॅटही नाही. आजवर प्रत्येक वेळी पाना ज्या जोडाला लागला, त्याचा वाटा आठवा हिस्सा होता. शिवाय प्रोब एका तारेवरून दुसरीवर नेला की वाय फेजचा आकडा बदलत होता, आणि केबल जरा हलवली तरी बदलत होता. क्रिम्प घट्ट असेल तर असं होत नाही. काही तारा नळीला धरून होत्या, काही नुसत्याच आत घातलेल्या होत्या.

कापून बघितल्यावर

थिंबल उतरवलं तेव्हा नळीवर १२० असा छाप होता. केबल ९५ ची. तालुक्याच्या दुकानात ९५ चं मिळालं नाही म्हणून मागच्या हंगामात एक माप मोठं आणलं होतं, आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीन नसल्याने पंच आणि हातोड्याने नळीत एक खोल खड्डा पाडून काम भागवलं होतं. नळी आम्ही हॅकसॉने आडवी कापली. नीट क्रिम्प झालेल्या नळीचा काप बघितला तर तारा एकमेकांत दाबून जवळजवळ एकसंध धातू झालेला दिसतो, तार कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते हे शोधावं लागतं. इथे खड्ड्याखालच्या चार-पाच तारा चेपून चपट्या झाल्या होत्या आणि बाकीच्या गोलच होत्या, भोवती काळ्या फटी. तारांवर करड्या-काळ्या रंगाचा थर होता आणि नळीच्या तोंडाशी पांढरी भुकटी.

ही भुकटी आणि तो थर समजून घ्यायला हवा, कारण ऑक्सिडेशन म्हणून लोक सगळं एकाच नावाखाली टाकतात. ॲल्युमिनियम घासून चमकवलं की त्यावर काही क्षणांतच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो. हा थर डोळ्यांना दिसत नाही, तो कडक असतो आणि वीज वाहून नेत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याचा ऑक्साइड २००० अंशांच्या पुढे, त्यामुळे जोड तापून हा थर कधी जळून जाईल ही आशा नको. चांगल्या क्रिम्पमध्ये जबर दाबाने हा थर फुटतो, धातू धातूला भिडतो आणि आत हवा उरत नाही. हलक्या क्रिम्पमध्ये तो जागोजागी तसाच राहतो. पांढरी भुकटी मात्र वेगळी. ती ओलाव्याने झालेली गंज आहे. जिनिंग पावसाळाभर बंद असते, पॅनेल खोली कोंदट असते, केबल थंड असते आणि तिच्या उघड्या तोंडातून ओल आत शिरते. पंचिंगने फटी सोडल्या आणि चार महिन्यांच्या पावसाने त्या फटींत गंज भरला. दर हंगामाच्या सुरुवातीलाच वास का येतो, त्याचं उत्तर यात आहे.

मागच्या साली थिंबल बदलूनही काही फरक पडला नाही, त्याचंही कारण इथेच सापडलं. केबल मागे कापलीच नव्हती. जुनं थिंबल काढून त्याच करपलेल्या, काळ्या तारांवर नवं चढवलं होतं. अशा तारांवर उत्तम मशीनने क्रिम्प केलं असतं तरी तो टिकला नसता.

मग बोल्ट ढिला का होत होता

थिंबलचं तोंड उलटं करून बघितलं तर वॉशरच्या आकाराची गोल खूण धातूत चांगलीच रुतलेली होती आणि तिच्या कडेने ॲल्युमिनियम फुगून वर आलं होतं. काळ्या मातीत उभ्या बैलगाडीचं चाक हळूहळू रुतावं तसं. यालाच क्रीप म्हणतात: धातू तुटत नाही, पण सततच्या दाबाखाली सावकाश सरकत राहतो, आणि गरम असेल तर आणखी लवकर.

यात रोजच्या चालू-बंदचा मोठा हात आहे. एका अंशाने तापलं तर एक मीटर ॲल्युमिनियम २३ मायक्रोमीटर वाढतं, पोलाद फक्त १२. जिनिंग चालू झाली की ॲल्युमिनियमचं तोंड फुगू बघतं, पोलादी बोल्ट त्याच्या निम्म्यानेच वाढतो, त्यामुळे मधला दाब वाढतो आणि मऊ धातू वॉशरच्या कडेने बाहेर सरकतो. रात्री सगळं थंड झालं की सरकलेला धातू परत येत नाही, आणि बोल्टची पकड सकाळपेक्षा थोडी कमी उरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ४८ अंशांना ही चाल अगदी संथ असते. ७८ अंशांना एका हंगामात बोल्ट हाताने हलण्याइतका ढिला होतो. मग पाना येतो आणि ताकदीने आवळतो, तोंड आणखी चेपतं, जाडी कमी होते, आणि चक्र पुढे चालू.

म्हणजे या जिनिंगवर क्रम असा होता: चुकीचा क्रिम्प, त्यातून फटी, फटींत गंज, गंजाने उष्णता, उष्णतेने क्रीप, क्रीपने ढिला बोल्ट. पाना शेवटच्या कडीवर चालत होता.

उलट क्रमही असतो आणि तो ओळखता येतो. क्रिम्प मशीनचा, षटकोनी, डायचा नंबर नळीवर उमटलेला. केबलचं इन्सुलेशन लवचीक आणि मूळ रंगाचं. आणि काळपटपणा फक्त बोल्टभोवती. तिथे लहान वॉशर किंवा नुसता स्प्रिंग वॉशर ॲल्युमिनियमवर टेकलेला सापडेल. अशा ठिकाणी नवीन थिंबल आणि योग्य वॉशर एवढ्याने काम होतं. तांब्याच्या टर्मिनलवर साधं, मुलामा नसलेलं ॲल्युमिनियम लावलेलं असेल आणि कडेला हिरवट डाग दिसले, तर ते ओलीत दोन धातूंमधल्या गंजाचं लक्षण आहे.

रंगाबद्दल एक सांगतो. ॲल्युमिनियम तापून लोखंडासारखं निळं-जांभळं होत नाही. थिंबलवर जो रंग बदललेला दिसतो तो कथिलाच्या मुलाम्याचा, बोल्टच्या मुलाम्याचा, किंवा जळलेल्या स्लीव्हच्या धुराचा असतो. तेव्हा नुसत्या रंगावरून तापमान सांगू नका. पण कथिल वितळून कडेला बारीक चमकदार थेंब गोठलेले दिसले, तर त्या जागेने कधीतरी २३२ अंश गाठले हे नक्की. तिथे टर्मिनल पट्टीचा आधार आणि आयसोलेटरची आतली स्प्रिंगही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. खोलीत रुईचे तंतू उडत असताना तर अजिबात नाही.

दुरुस्ती कशी केली

केबल मागे कापत गेलो. इन्सुलेशन वाकवल्यावर तडा न जाता वाकलं आणि तारा आतून पांढऱ्या-चमकदार दिसल्या, तिथे थांबलो. साधारण वीतभर केबल गेली. खंदकात एक वळसा जादा ठेवलेला होता म्हणून जोड द्यावा लागला नाही.

या केबलचा कोअर गोल नसून त्रिकोणी, सेक्टर आकाराचा असतो. तो सरळ गोल नळीत जात नाही म्हणून कोणी मोठं थिंबल घेतं, कोणी दोन-चार तारा छाटतं. दोन्ही चूक. आधी राउंडिंग डायने तो गोल करून घ्यायचा, मग ९५ चं थिंबल बसतं. नळीच्या खोलीपेक्षा काही मिमीच जास्त सोलायचं. फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टीलच्या तारेच्या ब्रशने तारा घासायच्या आणि लगेच ऑक्साइड रोखणारी जॉइंटिंग पेस्ट लावायची. घासून चहाला गेलात तर घासणं वाया. नळीत बहुधा पेस्ट कंपनीतूनच भरलेली असते, ती पुसू नका.

टर्मिनल तांब्याचं होतं, म्हणून आम्ही तांब्याचं तोंड आणि ॲल्युमिनियमची नळी असलेलं बायमेटॅलिक थिंबल घेतलं. ते महाग पडतं, पण बोल्टखाली मऊ ॲल्युमिनियम राहतच नाही, त्यामुळे क्रीपचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. साधं ॲल्युमिनियमचंच घ्यायचं असेल तर कथिलाचा मुलामा असलेलं घ्या, आयएस ८३०९ चा छाप बघा, आणि तो मुलामा पॉलिश पेपरने घासून काढू नका.

क्रिम्प हायड्रॉलिक मशीनने, ९५ च्या षटकोनी डायने. पहिला दाब तोंडाच्या बाजूला, पुढचा केबलच्या बाजूला, म्हणजे पेस्ट आणि हवा मागून बाहेर पडते. दोन्ही जबडे पूर्ण मिटेपर्यंत पंप मारायचा. बाहेर आलेली पेस्ट पुसून नळी आणि इन्सुलेशन यांच्यावर गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली, पावसाळ्यातली ओल अडवण्यासाठी. नव्या क्रिम्पचं माप आलं २४ मायक्रो-ओहम.

बोल्टखाली जाड, रुंद सपाट वॉशर आणि त्यावर बशीसारखा बेलव्हिल वॉशर, उंच बाजू नटाकडे. धातू थोडा सरकला तरी हा वॉशर दाब टिकवून धरतो. टॉर्क पाना आयसोलेटरच्या माहितीपत्रकात दिलेल्या आकड्यावर लावला, आणि नट ते पट्टी अशी मार्करने एक सरळ रेघ ओढली. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली तरच बोल्टला हात लावायचा. दरवेळी "थोडंसं अजून" आवळायची सवय सोडायला वायरमनला जरा जड गेलं, पण रेघ बघून त्याचं समाधान झालं.

दोन तास पूर्ण भारावर वाय फेजची नळी ४८ अंश. पावसाळा उलटून गेल्यावर पुढच्या हंगामातही टेपवरचा आकडा बाकी दोन फेजच्या एक-दोन अंशांतच होता.

आर आणि बी फेजची थिंबलं चांगली निघाली म्हणून तशीच ठेवली. मात्र याच केबलचं दुसरं टोक मीटरपेटीत आहे, आणि तिथल्या वाय फेजच्या थिंबलवरही पंचाचाच खड्डा होता. सील असल्याने ते काम आमच्या हातातलं नव्हतं. मालकाने शाखा कार्यालयात लेखी अर्ज दिला, मापांचे आकडे सोबत जोडले, आणि त्यांच्या माणसासमोर सील तोडून तेही टोक याच पद्धतीने बदललं. एका टोकाला असा क्रिम्प सापडला तर दुसरं टोक त्याच दिवशी बघा.